हायपो, आयोडेट आणि स्टार्च नेमका कधी घालायचा : प्रोजेक्टच्या नोंदी

३ जानेवारी

प्रोजेक्टचा विषय आहे घरात येणाऱ्या मिठातलं आयोडीन मोजणं, पण पहिला पंधरवडा मिठाला हात लावायचा नाही असं मॅडमनी बजावलंय, आधी हायपोचं सोल्युशन नीट स्टँडर्डाइज करा, तीन रीडिंग एकाला एक लागू देत, मग मीठ. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, लॅबमध्ये सगळे हायपोच म्हणतात म्हणून इथेही तसंच लिहितेय.

हायपो नुसता वजन करून घेतला की झालं असं नाही. त्याच्या खड्यात पाण्याचे पाच रेणू असतात आणि बाटली उघडी राहिली तर त्यातलं थोडं उडून जातं, खडा वरून पांढरा पिठूळ दिसायला लागतो, मग २४.८ ग्रॅम मोजले तरी त्यात खरा हायपो किती हे सांगता येत नाही. म्हणून साधारण ०.१ मोलर बनवायचं आणि त्याची खरी ताकद आयोडेटवरून काढायची.

आज एक लिटर डिस्टिल्ड वॉटर दहा मिनिटं उकळून झाकून गार केलं. उकळायचं कारण म्हणजे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड जातो, तो राहिला तर सोल्युशन आम्लीय होऊन हायपोतून हळूहळू गंधक सुटतो, शिवाय हायपो खाणारे बॅक्टेरिया असतात तेही उकळल्यावर मरतात. गार पाण्यात २४.८ ग्रॅम हायपो विरघळवला, वर चिमूटभर म्हणजे ०.१ ग्रॅम सोडियम कार्बोनेट टाकलं, त्याने सोल्युशन किंचित अल्कलाइन राहतं आणि टिकतं. तपकिरी बाटलीत भरून कपाटात ठेवलं. लगेच वापरायचं नाही, निदान एक दिवस बसू द्यायचं.

४ जानेवारी

पोटॅशियम आयोडेट वॉच ग्लासवर पसरून १२० डिग्रीला एक तास ओव्हनमध्ये ठेवलं, मग डेसिकेटरमध्ये गार केलं. गरम असताना वजन करायचा मोह होतो पण तराजूच्या पेटीत गरम हवा वर चढते आणि आकडा हलत राहतो, तेव्हा गप्प थांबले.

वजन आलं १.७८५२ ग्रॅम. हिशोबाने बरोबर ०.०१६६७ मोलरसाठी ५०० मिलीला १.७८३३ ग्रॅम लागतात, पण नेमका तोच आकडा आणायला पावडर आत-बाहेर करत बसायचं नाही, जे आलं ते लिहायचं आणि खरी मोलॅरिटी काढायची. ५०० मिलीच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये केलं. आयोडेट विरघळायला आळशी आहे, बराच वेळ हलवावं लागतं, तळाशी एकही कण नाही हे उजेडाकडे धरून बघितल्यावरच खुणेपर्यंत पाणी भरलं.

```
1.7852 / 214.00 / 0.500 = 0.016684 M
```

६ जानेवारी

पहिलं टायट्रेशन. पद्धत अशी की कोनिकल फ्लास्कमध्ये पिपेटने २५ मिली आयोडेट, त्यात १ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड टाकून विरघळू द्यायचं, मग मेजरिंग सिलिंडरने ५ मिली १ मोलर सल्फ्युरिक ॲसिड. ॲसिड पडताक्षणी पाण्यासारखं सोल्युशन गडद तांबूस तपकिरी होतं, दूध न घातलेल्या कडक चहासारखं. आत हे चालतं:

```
IO3^-  +  5 I^-  +  6 H^+   →  3 I2  +  3 H2O
I2     +  2 S2O3^2-         →  2 I^-  +  S4O6^2-
```

म्हणजे एका आयोडेटमागे तीन आयोडीन आणि एका आयोडीनमागे दोन हायपो, एकूण एका आयोडेटला सहा हायपो. २५ मिली आयोडेटला साधारण २५ मिली हायपो लागणार, हा अंदाज आधीच डोक्यात होता. ब्युरेटमधून हायपो सोडत जायचा आणि मध्येच स्टार्च घालायचा, उरलेल्या आयोडीनने तो निळा होतो, आणि निळा जिथे जातो तो एंडपॉइंट, म्हणजे तिथलं रीडिंग लिहायचं.

सीनियरच्या जुन्या जर्नलमध्ये ‘ॲसिड घालून ५ मिनिटं अंधारात ठेवा’ असं होतं, ते आम्ही उतरवून घेतलं होतं, पण मॅडम म्हणाल्या ते डायक्रोमेटचं आहे, त्याची रिॲक्शन संथ असते, इथे आयोडेट तेवढ्यातल्या तेवढ्यात रिॲक्ट होतं, थांबलात तर उलट हवेतला ऑक्सिजन ॲसिडमधल्या आयोडाइडमधून जादा आयोडीन काढत बसतो आणि वरून आयोडीन उडतंही, तेव्हा ॲसिड घातलं की लगेच ब्युरेटखाली.

रीडिंग आली २५.३५, २५.१५, २५.५०. तीन रीडिंग आणि तीन तऱ्हा. पार्टनर आणि मी आलटून पालटून करत होतो, आणि स्टार्च कुणी कधी घातला याची नोंद आम्ही ठेवली नव्हती. मला आठवतं की मी सोल्युशन नारंगी झाल्यावर घातला, त्याने एकदा अगदी सुरुवातीलाच घातला. तिसऱ्या वेळी कधी घातला ते दोघांनाही सांगता येईना. पुढच्या वेळेपासून वहीत एक रकाना वाढवलाय, ‘स्टार्च किती मिलीला’.

७ जानेवारी

आधी दुसरा संशय फेडून घेतला. आयोडाइडच्या बाटलीच्या तोंडाशी पावडर पिवळसर दिसत होती. म्हणून ब्लँक केला, म्हणजे आयोडेट न घालता २५ मिली पाणी, १ ग्रॅम आयोडाइड, ५ मिली ॲसिड आणि स्टार्च. लगेच फिका निळा रंग आला, आणि तो घालवायला हायपोचे दोन थेंब, साधारण ०.१० मिली लागले. नवीन बाटली फोडली, त्या आयोडाइडचा ब्लँक बिनरंगी राहिला. आता तीच वापरायची.

पण बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की कालचा घोळ ब्लँकने झालेला नाही. आयोडाइड खराब असेल तर प्रत्येक रीडिंग सारख्याच मापाने वर सरकेल, तिन्ही ०.१० ने मोठी येतील पण एकमेकांशी जुळतील. आमची जुळतच नव्हती. रीडिंग सरकणं वेगळं आणि पसरणं वेगळं, पसरतात तेव्हा दर वेळी काहीतरी वेगळं घडत असतं, आणि आमच्याकडे दर वेळी वेगळी होती ती स्टार्चची वेळ.

९ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस स्टार्चच्या वेळेसाठी. स्टार्च ताजा केला, १ ग्रॅम सोल्युबल स्टार्च थोड्या गार पाण्यात कालवून पातळ पेस्ट, ती उकळत्या १०० मिली पाण्यात ओतून मिनिटभर उकळू दिली, गार केल्यावर जरा धुकट पण गुठळी नसलेलं सोल्युशन मिळालं. गेल्या आठवड्याचा उरलेला स्टार्च एका थेंब आयोडीनमध्ये घालून बघितला तर निळ्याऐवजी जांभळट तांबूस रंग आला, तो फेकला. शिळा स्टार्च तुटून लहान साखळ्या होतात, मग त्याचा रंग लालसर पडतो आणि एंडपॉइंट बोथट होतो.

बाकी सगळं तेच ठेवून फक्त स्टार्च घालायची वेळ बदलायची असं ठरवलं. दर वेळी २ मिली स्टार्च.

सुरुवातीलाच घातला तेव्हा फ्लास्कमध्ये शाई ओतल्यासारखं झालं, काळपट निळं, त्यातून बोटही दिसत नव्हतं. हायपो सोडत गेलो तरी पहिले वीस मिली रंगात काहीच फरक नाही, म्हणजे एंडपॉइंट जवळ येतोय की लांब आहे हे कळायला मार्गच नाही. २४.९ च्या आसपास सोल्युशन करडं जांभळं झालं पण त्यात काळे बारीक कण तरंगत राहिले, मोहरीपेक्षाही बारीक, फ्लास्क गोल फिरवला की तळाशी गोळा होणारे. एक थेंब टाकायचा, अर्धा मिनिट हलवत राहायचं, सोल्युशन पांढरं पडतंय असं वाटेपर्यंत कण परत थोडं निळं सोडतात, मग पुन्हा एक थेंब. शेवटी पूर्ण बिनरंगी झालं तेव्हा २५.४० होतं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा २५.२५. दोन्ही वेळा मी नेमकं कुठे थांबायचं हे स्वतःच्या धीरावर ठरवलं, आणि धीर काही मोजायचं साधन नव्हे.

१२ मिलीला घातला तेव्हा कण कमी पण तरीही शेवट रेंगाळला, २५.२५ आणि २५.३०. २० मिलीला घातला तेव्हा सोल्युशन स्वच्छ निळं, कण जवळजवळ नाहीत, २५.२० दोन्ही वेळा, फक्त निळा जाताना जरा वेळ लागला.

मग चौथ्या पद्धतीने, रंग एकदम फिका पिवळा होईपर्यंत नुसतं टायट्रेट करायचं आणि मग स्टार्च. तेव्हा २५.१५, २५.१०, २५.१५. आणि एंडपॉइंट असा की निळा असतो आणि पुढच्या एका थेंबाला नसतो, मधलं काही नाही. एवढा तीक्ष्ण शेवट आम्ही पहिल्यांदाच बघितला.

मॅडमनी कारण समजावलं. स्टार्चमधला अमायलोज हा स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो आणि आयोडीन त्या स्प्रिंगच्या पोकळीत आयोडाइडसकट लांब साखळी करून बसतं, निळा रंग त्या साखळीचा. आयोडीन थोडं असेल तेव्हा ते सहज आत जातं आणि सहज बाहेर येतं. पण सोल्युशनमध्ये आयोडीन भरपूर असताना स्टार्च घातला तर तो आयोडीनने ठासून भरतो, आकसून गोळा होतो आणि खाली बसायला लागतो. ते काळे कण म्हणजे तोच गोळा झालेला स्टार्च. त्याच्या आत अडकलेलं आयोडीन हायपोला लवकर भेटत नाही. बाहेरचं सोल्युशन संपलेलं दिसतं, आतून मात्र झिरपत राहतं, आणि आपण कण घालवण्याच्या नादात गरजेपेक्षा जास्त हायपो टाकतो. शिवाय ॲसिडमध्ये स्टार्च जास्त वेळ राहिला की तो तुटायलाही लागतो, म्हणजे उशिरा घातल्याने तोही टळतो.

आकड्यात फरक किती पडतो ते काढून बघितलं. २५.४० धरलं तर हायपो ०.०९८५ मोलर येतो, २५.१३ धरलं तर ०.०९९६. एक टक्क्याहून जास्त फरक, आणि तो पुढे मिठाच्या प्रत्येक आकड्यात जसाच्या तसा उतरला असता.

१० जानेवारी

‘फिका पिवळा’ म्हणजे किती फिका हे पुस्तकात वाचून कळत नाही. काल आम्ही दोघांनी एकाच फ्लास्ककडे बघून वेगवेगळं म्हटलं, मला फिका वाटला त्याला अजून गडद. लॅबमधले मामा पंचवीस वर्षं हे बघतायत, ते बाजूने जाताना थांबले आणि म्हणाले, “पोरी, एवढ्यात न्हाई घालायचं. भाताचा पेंढा बघितलाय न्हवं, झोडून वाळायला टाकलेला? तसा रंग हुईस्तवर थांब.” मग त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या.

एक, फ्लास्कखाली पांढरी टाइल आणि शेजारी तेवढंच साधं पाणी भरलेला दुसरा फ्लास्क. एकटा फ्लास्क बघितला की डोळा पिवळ्याला सरावतो आणि फिका झालाय असं वाटायला लागतं, शेजारी पाणी असलं की फरक लगेच दिसतो. दुसरं, ट्यूबलाइटखाली बघायचं नाही, खिडकीजवळच्या टेबलावर उजेडात बघायचं. आणि तिसरं, स्टार्च घालायच्या आधी फ्लास्कच्या भिंती वॉशबॉटलने धुऊन घ्यायच्या, कारण वर चिकटलेले आयोडीनचे थेंब शेवटी खाली उतरतात.

त्यानंतर रंगाच्या पायऱ्या लक्षात ठेवून मी परत एकदा हळू टायट्रेशन केलं. सुरुवातीला चहा, साधारण १५ मिलीपर्यंत तपकिरी नारंगी, २० च्या पुढे करडईच्या तेलासारखा पिवळा, आणि २४ च्या पुढे प्रत्येक काही थेंबांना फिका पडत जातो. पेंढ्याचा रंग आला तेव्हा ब्युरेट २४.५५ दाखवत होती, म्हणजे साधारण अर्धा मिली शिल्लक. तिथे स्टार्च घातला, निळा स्वच्छ आणि फ्लास्कच्या आरपार दिसणारा, तिथून थेंब थेंब, शेवटी अर्धा थेंब काचेला टेकवून पाण्याने धुऊन आत, २५.१५.

पहिले २० मिली भराभर सोडायचे पण फ्लास्क जोरात घुसळायचा नाही, सावकाश गोल फिरवायचा, कारण तेव्हा आयोडीन जास्त असतं आणि उडून जातं. तरीही हायपो एका जागी साचू द्यायचा नाही, ॲसिडमध्ये साचलेला हायपो तुटून सल्फाइट देतो आणि तो हायपोच्या दुप्पट आयोडीन खातो. रंग फिका झाल्यावर मात्र जोरात हलवायचं.

एकदा उलटी चूकही झाली. पार्टनरने पेंढ्याच्या रंगाची वाट बघता बघता पुढेच नेलं, सोल्युशन बिनरंगी झालं, घाईने स्टार्च घातला तर निळा आलाच नाही. म्हणजे एंडपॉइंट केव्हाच मागे गेला. ते रीडिंग सोडून दिलं, अंदाजाने काहीतरी लिहायचं नाही असं आमचं ठरलंय.

आणि एक गोष्ट, संपलेले फ्लास्क बाजूला ठेवले होते त्यातला एक दहा मिनिटांनी परत फिका निळा झाला आणि पार्टनर घाबरला की रीडिंग चुकलं. ते हवेतल्या ऑक्सिजनने ॲसिडमधल्या आयोडाइडमधून काढलेलं आयोडीन, ते सोडून द्यायचं. निळा काही सेकंदांतच परतला तर मात्र एंडपॉइंट आलेला नाही किंवा स्टार्चमध्ये आयोडीन अडकलेलं आहे.

शेवटचा हिशोब वहीत पक्का केला. कालची तीन रीडिंग धरून सरासरी २५.१३.

```
0.016684 × 25.00 × 6 = 2.5026 mmol
2.5026 / 25.13       = 0.0996 M
```

१६ जानेवारी

मिठात आयोडीन इतकं थोडं असतं की ०.१ मोलर हायपोच्या दोन-तीन थेंबांतच सगळं संपेल, म्हणून ०.००५ मोलर लागतो. २५ मिली हायपो पिपेटने घेऊन उकळून गार केलेल्या पाण्यात ५०० मिली केला, हिशोबाने ०.००४९८. इतका पातळ हायपो टिकत नाही, त्या त्या दिवशी करायचा आणि त्याच दिवशी वापरायचा. हिशोबावर विश्वास ठेवण्याआधी तपासायचं म्हणून आयोडेटही तसंच वीसपट पातळ केलं आणि २५ मिलीला टायट्रेट केलं.

आणि इथे माझा गोंधळ उडाला. ॲसिड घातल्यावर चहाचा रंग आलाच नाही, सुरुवातच पिवळ्यापासून झाली. पंधरा मिली हायपो जातोय तोवर तर पेंढ्याचा रंगही येऊन गेला, पण अजून दहा मिली शिल्लक होते. अर्धा मिली राहील तेव्हा स्टार्च घालायचा असं मी मनात पक्कं केलं होतं, ते इथे कसं लागू करायचं? आता स्टार्च घातला तर लवकर घातल्यासारखं होईल का?

मॅडमना न विचारता आधी स्वतःच आकडे मांडले. ०.१ मोलरच्या टायट्रेशनमध्ये अर्धा मिली हायपो शिल्लक असतो तेव्हा फ्लास्कमध्ये ०.०२५ मिलिमोल आयोडीन उरलेलं असतं. आणि ०.००५ मोलरच्या टायट्रेशनमध्ये दहा मिली शिल्लक असताना? तेवढंच, ०.०२५ मिलिमोल. फ्लास्कमधलं पाणीही साधारण तेवढंच. म्हणजे डोळ्याला रंग एकच दिसतो कारण आयोडीन एकच आहे, आणि स्टार्चची गुठळी होते की नाही हे आयोडीन किती आहे यावर ठरतं, ब्युरेटमध्ये किती मिली राहिलेत यावर नाही. म्हणून पातळ सोल्युशनला दहा मिली आधी स्टार्च घातला तरी गुठळी व्हायचं कारण नाही.

करून बघितलं. एकदा दहा मिली आधी, एकदा रंग अगदी दिसेनासा व्हायच्या बेतात असताना. २५.२० आणि २५.१५, तिसऱ्यांदा २५.२०. कुठेही काळे कण नाहीत. तरी मी उशिराच घालायचं ठरवलंय, कारण स्टार्च ॲसिडमध्ये जितका कमी वेळ राहील तितकं बरं. सरासरी २५.१८ वरून पातळ हायपो ०.००४९७ मोलर आला, हिशोबाच्या ०.००४९८ ला धरूनच. मॅडमना दाखवलं, त्यांनी आकडे तपासून सही केली.

इतके दिवस जर्नलमध्ये ‘२४ मिली झाल्यावर स्टार्च घालावा’ असं लिहून पुढच्या बॅचला देतात ते वाक्य मी आमच्या वहीतून काढलं. ते त्या एका सोल्युशनपुरतं खरं आहे. तिथे रंगाचं वर्णन लिहिलंय.

१८ जानेवारी

आज पहिल्यांदा मीठ. १० ग्रॅम मीठ ५० मिली पाण्यात, १ मिली २ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड, ५ मिली १० टक्के आयोडाइड, बूच लावून दहा मिनिटं अंधारात. इथे मात्र थांबावं लागतं, कारण आयोडेट फार थोडं असल्याने रिॲक्शन पूर्ण व्हायला वेळ लागतो. हेच आयोडेट आम्ही पंधरा दिवस पिपेटने मोजतोय आणि तेच मिठात घातलेलं असतं, फक्त किती हे माहीत नसतं, रिॲक्शन तीच आणि सहाचं गणितही तेच.

ब्युरेट १० मिलीची घेतली, ५० मिलीच्या ब्युरेटवर दोन-अडीच मिलीचं रीडिंग घेणं म्हणजे ०.०५ ची चूकसुद्धा दोन टक्के होते.

पाकिटातल्या मिठाचा फ्लास्क सुरुवातीपासूनच पेंढ्यापेक्षा फिका. कागदावर ठेवून पाण्याच्या फ्लास्कशेजारी बघितल्याशिवाय पिवळा आहे हेही कळत नव्हतं. दीड मिली हायपो घातल्यावर रंग जवळजवळ गेला, तिथे स्टार्च, आणि २.३५ ला निळा गेला. ०.००४९७ मोलर हायपोच्या एका मिलीला १० ग्रॅम मिठात १०.५ पीपीएम आयोडीन बसतं, म्हणजे या मिठात २४.७ पीपीएम. दुकानात मिळणाऱ्या मिठात कमीत कमी १५ हवं, हे त्यात बसतं.

घरून आईने आमटीसाठी वापरते ते खडे मीठ दिलं होतं. त्याचा फ्लास्क दहा मिनिटांनंतरही पाण्यासारखा, स्टार्च घातला तरी निळा नाही. आधी वाटलं ॲसिड विसरले, म्हणून त्याच फ्लास्कमध्ये पातळ आयोडेटचा एक थेंब टाकला, लगेच निळा झाला. म्हणजे ॲसिड, आयोडाइड, स्टार्च सगळं जागेवर होतं, मिठातच आयोडेट नव्हतं. संध्याकाळी आईला सांगितलं, ती म्हणाली मग पाकिटातलंच वापरू आणि खड्याचं लोणच्याला ठेवू.

२८ मार्च

परीक्षेमुळे मध्ये दोन महिने गेले. मुख्य हायपो कपाटातच होता, पण जुना आकडा धरून पुढे जायचं नाही म्हणून तीन टायट्रेशन परत केली. २५.२५ तिन्ही वेळा, म्हणजे ०.०९९१ मोलर, जानेवारीपासून अर्धा टक्का उतरलाय. बाटलीच्या तळाशी गढूळपणा नाही, गंधक सुटलेला नाही, वाढत्या उन्हात एवढी घट चालेल. नवीन आकडा तारखेसकट लेबलवर लिहिला.

पण मिठाच्या फ्लास्कमध्ये आज वेगळाच त्रास. दुपारी लॅबमध्ये ३७ डिग्री, स्टार्च ताजा असूनही निळा फिकट जांभळट येत होता आणि एंडपॉइंट नेमका कुठे हे कळेना, तीच पाकिटाची सॅम्पल एकदा २.२५ एकदा २.१५. गरमीत आयोडीन स्टार्चच्या स्प्रिंगमधून बाहेर पडतं, रंग फिका होतो आणि आपण शेवट व्हायच्या आधीच थांबतो. मामांनी माठातल्या पाण्याने भरलेलं घमेलं आणून दिलं, फ्लास्क त्यात पाच मिनिटं बुडवून ठेवला आणि मग टायट्रेट केला. निळा परत गडद झाला, रीडिंग २.३५, २.३५. आता उन्हाळ्याचं सगळं काम सकाळी आठ ते दहाच्या बॅचला घेतोय आणि घमेलं टेबलाखालीच ठेवलंय. उद्या उरलेल्या सहा सॅम्पल.